मंडलफलकाची स्पेसरवरील बसवणी

मुद्रित विद्युत् मंडलाचा फलक (पीसीबी) पेटीच्या तळापासून अलग राहावा म्हणून त्याखाली जे आखूड, आट्यांचे स्तंभ देतात, त्यांस बाजारात स्पेसर म्हणतात. सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या अवर्षणप्रवण, धुळीच्या मुलखात विहिरीच्या पंपाचा २३० व्होल्टवर चालणारा रिले-फलक पत्र्याच्या पेटीत बसवावयाचा असेल, तर फलकाखाली २ मिमी उतरलेली डाखाची टोके जमेस धरून १० मिमी उंचीचा स्पेसर घ्यावा, म्हणजे पत्र्यापर्यंत ८ मिमी हवा उरते.

खरी मेख मात्र पृष्ठभागावर आहे. फलकावरील धूळ पहाटेच्या दमटपणाने ओलावली, की तांब्याच्या पट्टीपासून स्क्रूच्या डोक्यापर्यंत प्रवाहास वाट मिळते, आणि हिरवा लेप हे काही विश्वासार्ह निरोधन नव्हे. म्हणून मुख्य पुरवठ्याची पट्टी पितळी स्पेसर व त्याचा स्क्रू यांपासून ८ मिमीच्या आत येत असेल, तर तेथे स्पेसर आणि स्क्रू दोन्ही नायलॉनचे योजावेत. केवळ स्पेसर बदलून वर लोखंडी स्क्रू ठेवण्याची चूक सर्रास आढळते. नायलॉनच्या आट्या बेताने आवळाव्यात, अन्यथा त्या तुटतात.

चारही स्क्रू आधी सैल लावून मगच कर्णाकर्णाने घट्ट करावेत. चुकलेल्या छिद्रात फलक ओढून बसविल्यास तो वाकतो आणि सिरॅमिक धारित्रांना डोळ्यांस न दिसणारी चीर जाते. धातूची पेटी, स्पेसर कोणताही असो, भूसंपर्कित केलीच पाहिजे.