चार पेट्यांचा फरक

ऑगस्ट 2024 मधली ही स्कीम साधी होती. कपडे धुण्याच्या साबणाच्या 12 पेट्या घेणाऱ्या दुकानदाराला 1 पेटी फ्री. महिना संपल्यावर डिस्ट्रिब्युटरने कंपनीकडे 61 फ्री पेट्यांचा क्लेम पाठवला. संगणकातल्या साठा-नोंदवहीत मात्र फ्री म्हणून 57 पेट्याच बाहेर गेलेल्या दिसत होत्या. चार पेट्या कुठे गेल्या, याची दोन उत्तरे त्या कचेरीत अजून सांगितली जातात: गोदामातल्या कुणीतरी नोंद केली नाही, किंवा क्लेम मुद्दाम फुगवला. कागद पाहिल्यावर दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. (डिस्ट्रिब्युटरचे आणि कंपनीचे नाव इथे देत नाही.)

उरलेले कागद असे. कंपनीचे स्कीमपत्र, महिन्याची सगळी बिले, दुकानदारांच्या सह्यांची चलने (एक गहाळ), 31 ऑगस्टचा मालमोजणीचा तक्ता आणि क्लेमचा कागद. व्यवहार ERPNext वर चालत होता. तिथे अशी स्कीम `Pricing Rule` म्हणून भरतात: किमान किती नग घेतले की काय फ्री द्यायचे. हा नियम महिन्याभरात बदलत गेला असावा, असा पहिल्यापासून संशय होता. पण पडद्यावर दिसतो तो शेवटचा नियम. मधल्या बदलांची नोंद इथे सापडली नाही. नियम 31 जुलैला तयार झाला आणि 19 ऑगस्टला दुपारी शेवटचा जतन झाला, एवढेच दोन शिक्के हाती होते. बदल करणाऱ्याच्या जागी हिशेब विभागाचे सामायिक लॉगिन आहे, म्हणजे माणूस कोण ते कळायला मार्ग नाही.

तेव्हा साक्ष बिलांचीच घ्यायला हवी. प्रत्येक बिलावर विकलेल्या पेट्यांची ओळ असते आणि तिच्याखाली शून्य दराची फ्री ओळ. त्या दोन आकड्यांवरून बिल करताना नियम कसा होता हे ओळखता येते. मात्र प्रत्येक बिल बोलके नसते. 12 पेट्यांच्या बिलावर नियम कसाही असला तरी 1 पेटीच फ्री येते, म्हणून अशी बिले बाजूला ठेवली. उपयोगी पडतात ती 24 आणि त्याहून जास्त पेट्यांची, तसेच 12 ने पूर्ण भाग न जाणारी.

महिन्याच्या पहिल्या आठ दिवसांत तीन मोठी बिले आहेत: 24, 48 आणि 36 पेट्यांची. तिन्हींवर फ्री पेटी एकच. याचा अर्थ `Is Recursive` ही चौकट रिकामी होती. ती रिकामी असली की किमान नग भरले एवढेच पाहिले जाते आणि फ्री माल एकदाच मिळतो, मग दुकानदार 12 घेवो की 48. पत्रात शब्द आहेत ‘प्रत्येक पूर्ण 12 पेट्यांवर 1’. त्याप्रमाणे या तिघांना 2, 4 आणि 3 पेट्या मिळायला हव्या होत्या. मिळाल्या 3, हक्काच्या होत्या 9. सहा पेट्या कमी गेल्या.

यातले 36 चे बिल 8 ऑगस्टच्या संध्याकाळचे. दुसऱ्या दिवशी सकाळी 15 पेट्यांचे बिल झाले आणि त्यावर फ्री 1.25 पेटी आली. म्हणजे या दोन बिलांच्या मधे कुणीतरी `Is Recursive` वर खूण केली आणि `Recurse For` मध्ये 12 भरले. कारण कुठे लिहिलेले नाही. दुकानदारांनी ओरड केली असावी, असा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच. हेतू रास्त होता, पण बदल अर्धवट झाला, कारण खूण केल्यावर हिशेब सरळ भागाकाराने होतो, जसे 30 पेट्यांवर:

```
30 / 12 × 1 = 2.5
```

हा अपूर्णांक खाली उतरवायला `Round Free Qty` नावाची वेगळी चौकट आहे. ती रिकामी राहिली. तरीही पाऊण-सव्वा पेटी बिलावर चढायला नको होती. ERPNext मध्ये मापाच्या एककाला `Must be Whole Number` अशी खूण असते, आणि ती असेल तर अपूर्ण नगाचे बिल जतनच होत नाही. इथे ‘पेटी’ हे एकक कचेरीनेच तयार केलेले होते आणि त्याला ही खूण नव्हती. सॉफ्टवेअरने सांगितले तेवढे बरोबर केले.

असे अपूर्णांक असलेली पाच बिले सापडतात: 15, 27, 30, 42 आणि 18 पेट्यांची. त्यांच्यावर फ्री अनुक्रमे 1.25, 2.25, 2.5, 3.5 आणि 1.5. बेरीज 11. पत्राप्रमाणे होतात 9. दोन पेट्या जास्त लिहिल्या गेल्या.

यातले 30 चे बिल पहिल्यांदा सगळी मांडणी मोडते. त्यावर तारीख 6 ऑगस्ट आहे, आणि त्या तारखेला नियम एकदाच फ्री देणारा होता. पण बिलाची तारीख माणूस मागची घालू शकतो. नोंद खरोखर कधी झाली ते `creation` या रकान्यात राहते, आणि तिथे 12 ऑगस्ट आहे. नियम लागला तो नोंद करतानाचा. म्हणून बाकीची बिलेही मी छापील तारखेऐवजी या रकान्याप्रमाणे लावली.

शेवटचे अपूर्णांकी बिल 17 ऑगस्टचे. 20 तारखेला 30 पेट्यांवर बरोबर 2 फ्री आल्या आहेत. 19 तारखेचा शिक्का या दोहोंच्या मधे बसतो. त्या दिवशी काय बदलले हे शिक्का सांगत नाही, पण आज `Round Free Qty` वर खूण आहे आणि बिले तिच्याशी जुळतात. त्यापुढे महिनाअखेरपर्यंत सगळी बिले पत्राप्रमाणे आहेत.

आता चार पेट्यांचा उलगडा होतो. क्लेम पत्र समोर ठेवून हाताने काढलेला, म्हणून तो 61 आला आणि तो पत्राला धरून बरोबर आहे. नोंदवहीत 6 कमी आणि 2 जास्त, म्हणून 57. एका चुकीने दुसरीचा काही भाग झाकला आणि उरलेल्या चारांना लबाडीचे नाव मिळाले.

पण त्या दोन जास्त पेट्या खरोखर गोदामाबाहेर गेल्या का? पाचपैकी चार चलने उरली आहेत. चारही ठिकाणी दुकानदाराने पूर्ण पेट्यांसाठीच सही केली आहे, आणि एकावर छापलेला 2.5 खोडून पेनने 2 लिहिला आहे. पेटी फोडून पाव माल देण्याच्या भानगडीत गोदामवाले पडले नसावेत. त्या चार बिलांचे जास्तीचे तुकडे मिळून दीड पेटी होते. महिनाअखेरच्या मोजणीत या साबणाच्या 2 पेट्या नोंदीपेक्षा जास्त निघाल्या. गहाळ चलन 42 पेट्यांच्या बिलाचे आहे. तिथली अर्धी पेटीही गोदामातच राहिली, असे धरले तर आकडा नेमका जुळतो. हे संभवनीय आहे, सिद्ध नाही, कारण मोजणीत वाढ इतर कारणांनीही निघते. ती वाढ त्या वेळी साठा-जुळणीत जमा करून टाकली आणि स्कीमशी तिचा संबंध कुणी लावला नाही.

कराच्या बाजूनेही त्या पाच बिलांचा प्रश्न राहतो. 7 मार्च 2019 च्या केंद्रीय परिपत्रकाप्रमाणे (क्र. 92/11/2019) ‘एकावर एक फ्री’ हा वेगळा फुकट पुरवठा नसून एकाच किमतीत दिलेला जास्त माल आहे. फ्री ओळ त्याच बिलावर दाखवतात ती यासाठी. पण मग त्या ओळीतला नगही खरा हवा, आणि इथे बिल 2.5 म्हणते, सही 2 ची आहे.

चालू स्कीमचा नियम मधेच दुरुस्त करण्याऐवजी तो बंद करून नव्या तारखेने दुसरा केला असता, तर हा सगळा खटाटोप लागला नसता. `Valid From` आणि `Valid Upto` हे रकाने त्यासाठीच आहेत.

गोदामावर आळ घेण्याजोगे या कागदांत काही नाही. कंपनीकडून मात्र 61 पेट्यांची क्रेडिट नोट आली आणि ती जमा झाली. त्यातल्या 6 पेट्या 24, 36 आणि 48 घेणाऱ्या तीन दुकानदारांच्या आहेत, आणि त्या त्यांना दिल्याची नोंद कुठेही नाही.