ओडेसाच्या पायऱ्या आणि चुकवलेला ठेका

बंदुका रोखलेल्या सैनिकांची रांग पायऱ्या उतरते आहे. पावलांचा ठेका ठरलेला आहे. मग चित्रफितीचा काप त्या ठेक्यावर का पडत नाही?

सर्गेई आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधील (१९२५) हा प्रसंग. चित्रपट मूक असला, तरी संकलनाचे एक माप संगीताकडून घेतलेले होते. वॉल्ट्झच्या किंवा संचलनगीताच्या आवर्तनाप्रमाणे तुकड्यांच्या लांबीचे प्रमाण ठरवायचे आणि ताण वाढवताना तेच प्रमाण राखून सारे तुकडे आखूड करत न्यायचे. १९२९ च्या निबंधात आयझेनस्टाइनने या पद्धतीचा धोकाही दाखवला. झिगा व्हेर्तोव्हच्या ‘अकरावे वर्ष’ या चित्रपटातील गणित इतके गुंतागुंतीचे, की ते नजरेला जाणवत नाही. पट्टीने मोजल्यावरच कळते. (या दोघांचे सख्य नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.)

पायऱ्यांवर त्याने दुसरा मार्ग धरला. तुकडा कोठे तोडायचा, हे केवळ लांबी नव्हे, तर चौकटीतील हालचालही ठरवते. सैनिकांची पावले कापाशी जुळत नाहीत. दर वेळी मात्रा चुकवून पडतात आणि दर वेळी निराळ्या कोनातून दिसतात. पुढचे पाऊल केव्हा पडेल, याचा अंदाज प्रेक्षकाला बांधता येत नाही. त्यामुळे ते अधिकच निर्दय वाटते.

ताण आणखी चढवायची वेळ येते, तेव्हा तो केवळ तुकडे आखूड करत नाही, हालचालच बदलतो. उतरणाऱ्या पावलांची जागा घरंगळत जाणारी बाबागाडी घेते.