आईच्या देखभालीत भावंडांकडे मदत कशी मागावी?

समजा, तुम्ही मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आईसोबत कुरवंड्यात राहता. बहीण चिंचवडला आहे, धाकटा भाऊ बंगळूरला. "आईकडे जरा लक्ष द्या" असे सांगितले तर दोघेही हो म्हणतात, पण नेमके काय करायचे हे कोणालाच कळत नाही. "तुम्हाला काळजीच नाही" म्हटले की भांडणच होते.

त्यापेक्षा एकेक काम दिवस-वेळेसह मागा. "ताई, आईची एचबीए१सी तपासणी पुढच्या शनिवारी आहे. तू लोकलने लोणावळ्याला येऊन तिला नेशील का?" ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे बहीण दुपारी आली तरी चालते.

भावाला रोज रात्री साडेआठचा फोन द्या. "गोळी घेतलीस का?" याला आई सवयीने हो म्हणते. "आजचा कप्पा रिकामा आहे का, बघून सांग," असे विचारलेले बरे. गोळी चुकली असेल तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

गडबड बहुधा डोस बदलल्यावर होते: चिठ्ठी नवी, डबीतल्या गोळ्या जुन्या. म्हणून आईला डॉक्टरांकडे नेणाऱ्यानेच त्याच दिवशी डबी नव्याने भरावी आणि चिठ्ठीचा फोटो सगळ्यांना पाठवावा.

ताईला शनिवार जमत नसेल, तर कारण विचारू नका. कोणता वार जमेल, तेवढेच विचारा.