रीस्टार्ट करा, पण किती वेळा?

अलार्म वाजतो, एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, अडकलेली सेवा रीस्टार्ट करतो किंवा बिघडलेला सर्व्हर कामावरून बाजूला काढतो, आणि ऑन-कॉल इंजिनिअरची झोप मोडत नाही. मोठ्या वेबसाइट्स आणि ॲप्स चालवणाऱ्या टीममध्ये हे आता रोजचं झालं आहे. या प्रोग्रॅमला ऑटोमेटेड रनबुक म्हणतात. त्याचा माग काढू लागलं की रीस्टार्टची युक्ती फार लवकर सापडते. ती किती वेळा करायची, एका वेळी किती यंत्रांवर करायची आणि कधी हात आवरून माणसाला हाक मारायची, हे ठरवायला मात्र कित्येक वर्षं लागली. या वंशावळीतला खरा वारसा मला तोच वाटतो.

रनबुक हे मुळात कागदच होते. मेनफ्रेमच्या काळात संगणक कक्षातल्या ऑपरेटरजवळ एक फाइल असे. कोणता जॉब कधी चालवायचा, कोणती टेप चढवायची, कन्सोलवर अमुक संदेश आला तर काय करायचं आणि तेवढ्याने भागलं नाही तर कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. अलार्म आणि त्यावरचा उपाय यांची जोडी आधीच शांत डोक्याने लावून ठेवायची, ही कल्पना तिथली.

या कल्पनेची सर्वांत मोठी परीक्षा ह्यूस्टनमध्ये झाली. अपोलो-११ निघण्याआधी, जुलै १९६९च्या सुरुवातीला, मिशन कंट्रोलमध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव चालू होता. प्रशिक्षकांनी मुद्दाम यानाच्या संगणकाचा एक अलार्म वाजवला. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं. सराव संपल्यावर कळलं, की रद्द करायची गरज नव्हती. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ यांनी लगेच फर्मावलं, की संगणक जेवढे अलार्म देऊ शकतो त्या प्रत्येकासाठी काय करायचं ते लिहून काढा. जॅक गार्मन या तरुण इंजिनिअरने हाताने ती यादी तयार केली.

२० जुलैला यान खरोखर उतरत असताना १२०२ हा अलार्म आला. त्याचा अर्थ असा, की संगणकाला दिलेली कामं त्याच्या स्मृतीतल्या जागेत मावेनात. रँदेव्हू रडारकडून येणारे निरर्थक संकेत संगणकाचा वेळ खात होते. पण या संगणकाचं सॉफ्टवेअर अशा वेळी स्वतःच रीस्टार्ट होण्यासाठी लिहिलेलं होतं. क्षणार्धात सगळी कामं टाकून द्यायची आणि कोणतं महत्त्वाचं काम कुठवर आलं होतं याची जी नोंद सतत ठेवलेली असे, तिच्यावरून फक्त तेवढीच कामं पुन्हा उचलायची, अशी ती रचना होती. त्यामुळे इंजिनाचं नियंत्रण चालू राहिलं आणि कमी महत्त्वाची कामं गळाली. इकडे गार्मन यांच्या यादीचं म्हणणं असं, की हा अलार्म अधूनमधून आला तर पुढे चला, सतत येत राहिला तर थांबा. १२०२ आणि त्याचा भाऊबंद १२०१ मिळून तो पाचदा आला, आणि यान उतरलं.

रीस्टार्ट यंत्राने केला, पण तो पुरेसा आहे का, हे ठरवणारा नियम वारंवारतेचा होता आणि तो माणसांच्या हातात होता. पुढच्या पिढ्यांनी हा नियमही हळूहळू यंत्रात उतरवला.

युनिक्समध्ये याचं एक साधं रूप दिसतं. सिस्टिम चालू झाली की सर्वांत आधी `init` हा प्रोग्रॅम सुरू होतो. त्याच्या `/etc/inittab` या फाइलमध्ये अशी ओळ असे:

```
T0:23:respawn:/sbin/getty -L ttyS0 9600 vt100
```

इथला `respawn` हा शब्द सांगतो, की हा प्रोग्रॅम संपला की पुन्हा सुरू कर. मूळ गरज बिघाडाची नव्हतीच. टर्मिनलवरचा माणूस लॉगआउट झाला की पुढच्यासाठी लॉगिनची सूचना पुन्हा दिसायला हवी, एवढंच होतं. पण पडलेल्या प्रोग्रॅमलाही हेच औषध लागू पडतं. मात्र ती ओळ चुकीची असेल, समजा तो सीरियल पोर्ट मशीनला नसेलच, तर प्रोग्रॅम सुरू होताक्षणी मरणार आणि `init` त्याला पुन्हा उठवणार. हे चक्र अख्खं मशीन खाऊन टाकेल. म्हणून लिनक्सवर वर्षानुवर्षं चाललेल्या `init`मध्ये मर्यादा घातलेली होती. दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा उठवावं लागलं, तर कन्सोलवर पुढची ओळ छापायची आणि पाच मिनिटं त्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही:

```
INIT: Id "T0" respawning too rapidly: disabled for 5 minutes
```

जुन्या सिस्टिम ॲडमिन मंडळींना हा संदेश पाठ आहे. तो आला की समजायचं, दोष प्रोग्रॅमच्या त्या क्षणीच्या अवस्थेत नाही, मांडणीतच आहे.

हाच भेद १९८५ मध्ये जिम ग्रे यांनी नीट मांडला. ते टँडेम या, न थांबणारे संगणक बनवणाऱ्या कंपनीत होते. संगणक का बंद पडतात, यावरच्या त्यांच्या निबंधात सॉफ्टवेअरच्या दोषांचे दोन प्रकार येतात. काही दोष पक्के असतात. तेच इनपुट द्या, तीच चूक होते. काही दोष निसटते असतात. वेळेचा एखादा विचित्र योग जुळला, तात्पुरती जागा संपली, की ते दिसतात आणि पुन्हा तेच करून पाहावं तर गायब होतात. ग्रे यांचा निष्कर्ष असा, की नीट तपासून कामाला लावलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेले दोष बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असतात, कारण पहिले चाचणीत पकडले जातात. रीस्टार्ट का चालतो, याचं उत्तर यात आहे. निसटता दोष स्वच्छ अवस्थेतून सुरुवात केली की बहुधा परत भेटत नाही. पक्का दोष हमखास भेटतो. म्हणून रीस्टार्ट हा उपायही आहे आणि चाचणीही. दोन-तीनदा करूनही गुण आला नाही, तर आजार वेगळा आहे.

एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेल्या अर्लँग भाषेने ही गोष्ट प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीतच आणली. तिथे प्रत्येक कामावर एक सुपरवायझर असतो. तो काम पडलं तर पुन्हा सुरू करतो, पण ठरलेल्या सेकंदांत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा पडलं तर स्वतःही बंद होतो आणि प्रश्न आपल्या वरच्या सुपरवायझरकडे जातो. हार मानून वर कळवणं हे इथे रचनेचा भाग झालं.

इथवर मोजदाद एकाच यंत्राची होती. अनेक यंत्रं एकमेकांना बांधलेली असली की काय होतं, ते १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत दिसलं. एटी अँड टीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यातल्या न्यूयॉर्कमधल्या एका स्विचला किरकोळ अडचण आली. ठरल्याप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना ‘सध्या कॉल पाठवू नका’ असं कळवलं, चार-सहा सेकंदांत स्वतःला रीसेट केलं आणि पुन्हा कॉल पाठवू लागला. महिनाभरापूर्वी स्विचमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. त्यात ‘मी परत आलो’ असा वेगळा निरोप नव्हता, कॉल आला की शेजाऱ्याने ओळखायचं. शेजारी स्विच ही नोंद करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा कॉल आला तर सी भाषेतल्या एका चुकीच्या जागी पडलेल्या `break`मुळे त्याची माहिती बिघडे. मग तो शेजारी बिघाड ओळखून स्वतःला रीसेट करी आणि परत येताना पुढच्यांना तसाच धक्का देई. देशभरातले ११४ स्विच असे नऊ तास एकमेकांना पाडत राहिले. इंजिनिअरनी जाळ्यावरच्या निरोपांचा भार कमी केला, तेव्हा ते स्थिरावलं.

त्या दिवशी प्रत्येक स्विच आपल्यापुरता बरोबर वागत होता. बिघाड झाला, रीसेट केलं, परत आला. या क्षणी आपल्यासारखे आणखी किती जण रीसेट होत आहेत, हे विचारणारं मात्र कुणी नव्हतं. दुरुस्तीच बिघाडाची वाहक झाली.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे नॅगिऑस या नावाने पसरलेल्या निगराणी सॉफ्टवेअरमध्ये अलार्म आणि उपाय यांची जोडी आजच्या रूपाच्या जवळ आली. सेवा एका तपासणीत नापास झाली की ती आधी `SOFT` अवस्थेत जाते. ठरलेल्या इतक्या तपासण्यांत नापासच राहिली, तरच ती `HARD` होते आणि माणसाला निरोप जातो. त्याच्या माहितीपुस्तिकेतल्या उदाहरणात वेब सर्व्हरचा रीस्टार्ट तिसऱ्या नापास तपासणीला, म्हणजे माणसाला उठवण्याच्या एक पायरी आधी होतो. एक संधी यंत्राला, त्यानंतर माणूस.

आता क्लाउडमधलं एक उदाहरण नीट पाहू. लोड बॅलन्सरमागे दहा सर्व्हर आहेत. त्यातल्या एकाच्या चुका वाढल्या आणि त्याचा अलार्म सलग तीन मिनिटं लाल राहिला. ॲमेझॉनच्या क्लाउडवर रनबुक पुढची आज्ञा देतं:

```
aws autoscaling detach-instances \
  --instance-ids "$ID" \
  --auto-scaling-group-name web \
  --no-should-decrement-desired-capacity
```

शेवटची ओळ सांगते, की गटाची ठरलेली संख्या दहाच ठेव, म्हणजे बदली सर्व्हर आपोआप उभा राहतो. काढलेला सर्व्हर नष्ट होत नाही. लोड बॅलन्सर त्याला नवे कॉल देणं थांबवतो आणि चालू कॉल संपायला मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद देतो. मग तो बाजूला चालूच राहतो, त्याचे लॉग आणि स्मृती सकाळी तपासता येतात. रीस्टार्ट हा पुरावा पुसून टाकतो, ‘डिटॅच’ तो राखतो. एक पथ्य मात्र आहे. तो सर्व्हर एखाद्या क्यूमधून स्वतः कामं उचलत असेल, तर लोड बॅलन्सरपासून तोडूनही तो बिघडलेल्या अवस्थेत कामं उचलतच राहील. ते रनबुकने वेगळं थांबवावं लागतं.

आता समजा, बिघाड सर्व्हरमध्ये नाहीच. सगळ्यांचा सामायिक डेटाबेस मंदावला आहे आणि हेल्थ चेक प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारून उत्तर देतो. दहाही सर्व्हर एकेक करून लाल होतात. मर्यादा नसलेलं रनबुक दहाही काढतं. दहा नवे येतात, रिकाम्या कॅशने सुरू होतात, आधीच दमलेल्या डेटाबेसवर नवी कनेक्शन उघडतात, आणि काढलेल्या दहांचीही जुनी कनेक्शन अजून उघडीच असतात. एटी अँड टीचीच गोष्ट पुन्हा घडते.

ओळखायची खूण सोपी आहे. एक सर्व्हर लाल असेल तर संशय त्या सर्व्हरवर. पाच-सहा मिनिटांत तीन लाल झाले तर संशय त्यांच्या सामायिक गोष्टींवर: डेटाबेस, नेटवर्क, नुकतंच केलेलं डिप्लॉयमेंट किंवा खुद्द हेल्थ चेक. म्हणून detach च्या आज्ञेआधी रनबुकने दोन आकडे मोजायलाच हवेत. याच गटातले आत्ता किती सर्व्हर लाल आहेत, आणि गेल्या तासाभरात हे रनबुक किती वेळा चाललं आहे. दहांत एकापेक्षा जास्त लाल असतील किंवा तासात हे दुसऱ्यांदा चालत असेल, तर काहीही न काढता माणसाला उठवायचं, आणि काय पाहिलं व का थांबलो हे निरोपात लिहायचं.

नवं रनबुक तपासताना बहुतेक जण आज्ञा बरोबर चालते का, एवढंच पाहतात. ती चालतेच. तपासायची असते ती न चालण्याची वाट. चाचणीच्या गटात मुद्दाम तीन सर्व्हर एकदम आजारी पाडा आणि रनबुक थांबतं का ते पाहा. थांबलं नाही, तर ते अजून अलार्मला जोडू नका.