‘दौलत’मध्ये त आहे, मग ‘कायदा’मध्ये का नाही? अरबीतल्या दोन ठिपक्यांची गोष्ट

दौलत, हरकत, मुदत, मेहनत. कायदा, फायदा, खुलासा, तर्जुमा. हे आठही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. मजा म्हणजे अरबी लिपीत या आठही शब्दांच्या शेवटी एकच अक्षर आहे: ة. मग चार शब्दांत आपल्याला ‘त’ ऐकू येतो आणि चार शब्दांत तो गायब कसा?

या अक्षराचं नाव ‘ता मरबूता’, म्हणजे ‘बांधलेला त’. साधा, उघडा त असा दिसतो: ت. बांधलेल्या त-ची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली असतात आणि डोक्यावर दोन ठिपके असतात. हे ठिपके काढले की उरतं ه, म्हणजे अरबीतला ‘हा’, आपला ह. सगळा घोळ इथेच आहे. एकाच आकृतीवर ठिपके असले तर एक अक्षर, नसले तर दुसरं, आणि मोबाइलवर घाईत टाइप करणारे अनेक जण ठिपके गाळतात.

ह-च्या अंगात त कसा शिरला?

अरबीत स्त्रीलिंगी नामांचा जुना शेवट ‘अत’ असा होता. पण बोलताना वाक्य संपलं किंवा माणूस थांबला की तो त गळून ‘अह’ किंवा नुसता ‘आ’ ऐकू यायचा. अरबी लेखनाची पद्धत अशी की प्रत्येक शब्द, त्याच्यावर थांबल्यावर जसा ऐकू येईल तसा लिहायचा. म्हणून हे शब्द ह-ने लिहिले गेले. पुढचा शब्द जोडून वाचला तर मात्र त परत येतो, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून नंतर त्याच ह-वर त-चे दोन ठिपके ठेवण्यात आले. म्हणजे शरीर थांबलेल्या उच्चाराचं आणि ठिपके जोडलेल्या उच्चाराचे. अशी तडजोड इतकी शतकं टिकली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

फारसीने हे शब्द घेताना काही त-सकट घेतले, काही त टाकून. त्यामागे सरसकट लावता येईल असा नियम नाही. आपल्याकडे दौलत आणि कायदा असे दोन्ही नमुने आले ते त्यामुळे. अरबीत मात्र तोच शब्द दोन्ही रूपांत जिवंत आहे. एकटा असेल तर ‘दौला’ (राज्य), आणि ‘कतरचं राज्य’ म्हणायचं असेल तर ‘दौलत कतर’. पेशवेकाळातल्या कागदांत ‘दौलत’ राज्य या अर्थाने येते, तो अर्थ अरबीत आजही चालू आहे.

त कधी ऐकू येतो?

मराठीत आपण ‘डॉक्टरची गाडी’ म्हणतो. मालक आधी, वस्तू नंतर आणि मध्ये ‘ची’. अरबीत वस्तू आधी येते, मालक नंतर, आणि मध्ये काहीच नसतं. नुसते दोन शब्द शेजारी ठेवायचे. या जोडणीला ‘इदाफा’ म्हणतात. यात पहिला शब्द ता मरबूताने संपत असेल, तर त्याचा त उच्चारायचा.

गाडीला अरबीत ‘सय्यारा’ म्हणतात. (हो, 2025 मध्ये गाजलेल्या सिनेमाच्या नावातला शब्द मुळात हाच. उर्दूत त्याचा अर्थ ग्रह, आजच्या अरबीत मोटार. मूळ अर्थ फिरणारी, त्यामुळे दोघांचंही बरोबर आहे.) ‘मॅनेजरची गाडी’ म्हणजे ‘सय्यारत अल-मुदीर’. लिहिताना काहीच बदलत नाही, ة तसाच राहतो. बदलतो फक्त उच्चार.

शब्दाला ‘माझी’, ‘त्याची’ असे छोटे प्रत्यय लागले तर मात्र लेखनही बदलतं. ता मरबूता शब्दाच्या मध्ये राहू शकत नाही, तो फक्त शेवटचाच. म्हणून ‘माझी गाडी’ लिहिताना गाठ सुटते आणि साधा ت येतो: سيارتي, ‘सय्यारती’.

आता जरा लांब साखळी घेऊ. कैरो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं अरबी नाव असं लिहितात:

مكتبة جامعة القاهرة

तीन शब्द आणि तिन्हींच्या शेवटी ता मरबूता. ‘मक्तबा’ म्हणजे ग्रंथालय, ‘जामिया’ म्हणजे विद्यापीठ आणि ‘अल-काहिरा’ म्हणजे कैरो. वाचायचं कसं? ग्रंथालय कोणाचं, तर विद्यापीठाचं. म्हणजे पहिल्या शब्दाला मालक आहे, त उच्चारा: मक्तबत. विद्यापीठ कुठलं, तर कैरोचं. दुसऱ्यालाही मालक आहे: जामियत. कैरो कोणाचं? साखळी तिथेच संपते, पुढे कोणी नाही, म्हणून तिसरा त गप्प. पूर्ण नाव झालं ‘मक्तबत जामियत अल-काहिरा’. साखळी कितीही लांब असली तरी हिशोब हाच: ज्याच्यामागे मालक उभा आहे त्याचा त बोलतो.

‘बुर्ज खलिफा’मध्ये त का नाही, याचंही उत्तर यात आहे. ‘खलिफा’च्या शेवटी ता मरबूताच आहे (शब्द पुरुषासाठी असला तरी), पण तो साखळीतला शेवटचा. तोच शब्द पुढे आला की त जागा होतो: ‘खलिफत रसूल अल्लाह’, म्हणजे अल्लाहच्या प्रेषिताचा वारस.

शेजारी शब्द आहे, पण मालक नाही

नवशिके सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. दोन शब्द शेजारी दिसले की ते त लावून मोकळे होतात. पण दुसरा शब्द विशेषण असू शकतो.

कैरोतच आणखी एक प्रसिद्ध विद्यापीठ आहे, अमेरिकन युनिव्हर्सिटी. त्याचं नाव ‘अल-जामिया अल-अमरीकिया बिल-काहिरा’. इथे ‘जामियत’ होत नाही, कारण ‘अमेरिकी’ हा विद्यापीठाचा मालक नाही, ते त्याचं वर्णन आहे. दिल्लीच्या ‘जामिया मिल्लिया इस्लामिया’चंही तसंच. मिल्लिया आणि इस्लामिया ही दोन्ही विशेषणं, म्हणून जामियाचा त शांत.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या शब्दाला ‘अल’ लागलंय का ते बघा. इदाफ्यात पहिल्या शब्दाला ‘अल’ लागत नाही, कारण तो कुठला हे पुढचा मालकच सांगतो. ‘अल-जामिया’ दिसलं की समजा, पुढे मालक नाही. पहिल्याला ‘अल’ नाही आणि दुसऱ्याला आहे, तर तो इदाफा. दोघांनाही ‘अल’ नसेल, तेव्हा मात्र अर्थ पाहावाच लागतो.

दुबईला नोकरी करणाऱ्यांना कागदपत्रांवर ‘दौलत अल-इमारात अल-अरबिया अल-मुत्तहिदा’ हे नाव भेटतं. यात दौलत-चा त इदाफ्याचा आहे, कारण राज्य अमिरातींचं. ‘इमारात’चा त साधा, उघडा ت आहे. ते अनेकवचन आहे आणि तो त कधीच गप्प बसत नाही. अरबिया आणि मुत्तहिदा ही विशेषणं, त्यांचे त गप्प. एका नावात सगळे प्रकार!

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. वर सांगितला तो रोजच्या वाचनाचा आणि बोलण्याचा नियम. कुराणपठणात किंवा अगदी शास्त्रशुद्ध भाषणात प्रत्येक शब्दाला विभक्तीचा स्वर लागतो, आणि मग न थांबता वाचलेला प्रत्येक ता मरबूता त-च होतो, पुढे विशेषण असलं तरी. ‘अल-मदीना अल-मुनव्वरा’ हे नाव ‘अल-मदीनतुल मुनव्वरा’ असं ऐकू आलं तर ती चूक नाही.

ठिपके नसतील तर?

खऱ्या ह-ने संपणारे शब्दही अरबीत आहेत: ‘वज्ह’ (चेहरा), ‘फिक्ह’ (धर्मशास्त्र), आणि ‘अल्लाह’. त्यांचा ह कुठल्याही साखळीत ह-च राहतो. द्वीपकल्पाला अरबीत ‘शिब्ह जझीरा’ म्हणतात, म्हणजे ‘बेटासारखं’. अरबी द्वीपकल्पाच्या ‘शिब्ह अल-जझीरा अल-अरबिया’ या नावात पहिल्या शब्दामागे मालक असूनही त येत नाही, कारण तिथे मुळात ठिपके नाहीतच.

याहून जास्त भेटणारा ह म्हणजे ‘त्याचा’ या अर्थाचा प्रत्यय. ‘मक्तब’ म्हणजे ऑफिस. त्याला हा ह लागला की مكتبه, ‘मक्तबुह’, त्याचं ऑफिस. आणि مكتبة म्हणजे ग्रंथालय किंवा पुस्तकांचं दुकान. फरक फक्त दोन ठिपक्यांचा. इजिप्तमधल्या पोस्ट आणि कमेंटमध्ये ‘ग्रंथालय’ बिनठिपक्यांचं लिहिलेलं सर्रास दिसतं, मग ओळखायचं कसं?

समजा कुणी लिहिलंय, مكتبه مغلقه. ‘मुघलक’ म्हणजे बंद. ऑफिस अरबीत पुल्लिंगी, ग्रंथालय स्त्रीलिंगी. ‘त्याचं ऑफिस बंद आहे’ म्हणायचं असतं तर दुसरा शब्द مغلق एवढाच, पुल्लिंगी आला असता. इथे त्यालाही शेपूट आहे, म्हणजे ते स्त्रीलिंगी ‘मुघलका’ आहे आणि दोन्हीकडे ठिपके गाळलेत. बंद आहे ते ग्रंथालय. शब्द المكتبه असा असेल तर एवढंही करायला नको. ‘अल’ लागलेल्या नामाला ‘त्याचा’ हा प्रत्यय लागतच नाही, त्यामुळे तो ता मरबूताच.

स्वतः टाइप करणार असाल, तर कॉम्प्युटरच्या नेहमीच्या अरबी कीबोर्डवर ة इंग्रजी m च्या जागी असतो आणि ه इंग्रजी i च्या जागी. उर्दू कीबोर्ड वापरून अरबी लिहू नका. उर्दूतला ہ दिसायला जवळचा असला तरी कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळं अक्षर आहे (U+06C1, अरबी ه म्हणजे U+0647). त्यामुळे डोळ्यांना बरोबर वाटणारा शब्द सर्चमध्ये सापडत नाही, आणि का सापडत नाही ते स्क्रीनकडे बघून कळतही नाही.