सर्वांना उत्तर, सीसी आणि बीसीसी (कार्यालयीन ईमेल)

कार्यालयीन ईमेलमध्ये मजकूर कोणाला जातो, कोणाला नुसता माहितीसाठी जातो आणि कोणाला गेला हे इतरांना कळत नाही, हे ठरवणारे तीन रकाने आणि त्यांच्याशी जोडलेले ‘सर्वांना उत्तर’ (रिप्लाय ऑल) हे बटण. ‘प्रति’ व ‘सीसी’ या रकान्यांतील पत्ते सर्वांना दिसतात, ‘बीसीसी’तील दिसत नाहीत. नावे कार्बन कागदाच्या प्रतीवरून आली. ईमेलच्या १९७७ च्या मानक मसुद्यात हे रकाने आढळतात. १९८२ च्या मसुद्याने ते रूढ झाले.

कागदी पूर्वरूप. शासकीय पत्राच्या तळाशी पृष्ठांकन असते. वरिष्ठाला ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’, कनिष्ठाला ‘प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीस्तव’, आणि शेवटी ‘निवडनस्ती’. प्रत कोणाला व कशासाठी, दोन्ही गोष्टी त्या एका ओळीत येत. सीसीच्या रकान्यात पहिलीच उरली. त्यामुळे सीसीतला मनुष्य आपण वाचायचे की काही करायचे, या संभ्रमात राहतो. तालुक्याच्या कार्यालयांतून जाणाऱ्या पुष्कळ ईमेलना आजही सही-शिक्क्याचे पत्र स्कॅन करून जोडलेले असते आणि पृष्ठांकन त्या पत्रातच असते. ईमेलचा सीसी रकाना मात्र पत्रातील यादीशी जुळेलच असे नाही. प्रस्तुत नोंदकाराच्या मते निम्मे घोळ या विसंगतीतून होतात. साधा उपाय असा की कोणी काय करायचे ते ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत नावानिशी लिहावे.

सर्वांना उत्तर. कर्जत (जि. अहिल्यानगर) हा अवर्षणप्रवण तालुका. उन्हाळ्यात टँकरची मागणी, मंजूर खेपा आणि प्रत्यक्ष खेपा यांची माहिती ग्रामपंचायतींकडून वरचेवर मागवली जाते. समजा, अशा एखाद्या तालुक्यातून ९० ग्रामपंचायतींना एकच ईमेल गेला आणि सगळे पत्ते ‘प्रति’मध्ये होते. प्रत्येकाने ‘सर्वांना उत्तर’ दाबून २ एमबीचा स्कॅन जोडला. एक उत्तर पाठवणाऱ्या कार्यालयाला आणि इतर ८९ ग्रामपंचायतींना, म्हणजे ९० ठिकाणी पोहोचते. ९० उत्तरांचे ८,१०० ईमेल होतात, त्यांचे वजन १६ जीबीच्या पुढे जाते. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खात्यात शेजारच्या गावांची ८९ पत्रके साठतात आणि कार्यालयाचा पुढचा खरा आदेश त्यांच्याखाली दडतो. यानंतर कोणीतरी ‘मला यादीतून काढा’ असे पुन्हा सर्वांनाच लिहितो. त्याला उत्तर म्हणून ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नका’ हेही सर्वांनाच जाते.

मोठ्या यादीवर यंत्रणाच कोलमडते. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ साली ‘बेडलाम डीएल ३’ या सुमारे १३,००० जणांच्या यादीवर हे घडले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एका चाचणी ईमेलचे रूपांतर काही तासांत कोट्यवधी ईमेलमध्ये झाले. दोन्ही ठिकाणी निरोप क्षुल्लक होता. त्याला आलेली उत्तरे भारी पडली.

वरील टँकरच्या प्रसंगात पाठवणाऱ्याने ‘प्रति’मध्ये स्वतःचा पत्ता व ‘बीसीसी’मध्ये ग्रामपंचायतींचे पत्ते घातले असते, तर कोणी काहीही दाबले तरी उत्तर एकट्या कार्यालयाला आले असते. तोटा एवढाच की कोणाकोणाला गेले हे ग्रामपंचायतींना दिसत नाही, म्हणून ‘सर्व ग्रामपंचायती’ असे मजकुरात लिहावे लागते.

बीसीसीची यंत्रणा व तिची मर्यादा. ईमेलचे पाकीट आणि आतले पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते पाहून ईमेल पोहोचवतो. वाचणाऱ्याला दिसतात ते आतल्या पत्रावरचे.

```
RCPT TO:<grampanchayat@example.org>
RCPT TO:<takrardar@example.org>
DATA
To: grampanchayat@example.org
```

येथे पाकिटावर दोन पत्ते आहेत, पत्रावर एकच. दुसरा बीसीसीतला. ग्रामपंचायतीला तो दिसण्याचा मार्ग नाही, कारण तिच्या प्रतीत तो नाहीच. पाठवणाऱ्याच्या ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये मात्र बीसीसीची ओळ सहसा जशीच्या तशी राहते. त्या खात्याचा पासवर्ड चार जणांना ठाऊक असेल, तर गुप्तता त्या चौघांपुरती संपली.

खरी गोम उत्तराच्या वेळी येते. समजा, टँकरच्या खेपा कागदावर जास्त दाखवल्याची तक्रार एका ग्रामस्थाने नाव उघड न करण्याच्या अटीवर दिली. अधिकाऱ्याने ग्रामपंचायतीकडे खुलासा मागितला आणि तक्रारदाराला समाधान वाटावे म्हणून त्याला बीसीसीत ठेवले. तक्रारदाराने मोबाइलवर ते वाचून ‘साहेब, आभारी आहे, आता तरी खरे बाहेर येईल’ असे लिहिले आणि ‘सर्वांना उत्तर’ दाबले. त्याचे उत्तर अधिकाऱ्याबरोबर ग्रामपंचायतीलाही गेले. बीसीसीने लपवलेले नाव त्याने स्वतःच, स्वतःच्या पत्त्यानिशी कळवले. आउटलुक अशा वेळी इशारा दाखवू शकते. सगळ्या ॲपमध्ये ती सोय नाही. म्हणून गोपनीय माणसाला बीसीसीत ठेवूच नये. आधी ग्रामपंचायतीला ईमेल पाठवावा, मग पाठवलेली प्रत त्याला स्वतंत्रपणे फॉरवर्ड करावी. त्या फॉरवर्डला त्याने काहीही दाबून उत्तर दिले तरी ते फॉरवर्ड करणाऱ्यालाच येते.

उलट दिशेची चूक, म्हणजे बीसीसी हवे तेथे ‘प्रति’ वापरणे, अधिक घातक ठरते. लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्ही सेवेचे वार्तापत्र ७८१ जणांना ‘प्रति’मध्ये पत्ते घालून पाठवले. त्यांपैकी ७३० पत्त्यांत पूर्ण नावे होती. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी १,८०,००० पौंडांचा दंड झाला. वार्तापत्रातला मजकूर निरुपद्रवी होता. यादीच गौप्यस्फोट ठरली.

नामसाधर्म्य. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, दुसरा रायगड जिल्ह्यात. दोन्हीकडे तहसीलदार आहेत, दोन्हीकडे पंचायत समिती आहे. रकान्यात ‘कर्जत’ टंकताच खाते पूर्वी वापरलेला पत्ता सुचवते आणि तो कोणत्या कर्जतचा हे नावावरून कळत नाही. सीसीत चुकीचे कर्जत आले की ‘सर्वांना उत्तर’ देणारा प्रत्येक जण ती चूक पुढे नेतो. पत्तेवहीत नाव जतन करताना त्याला जिल्हा जोडणे, एवढाच यावर उपाय.

वरिष्ठाला सीसी. यावर मतभेद आहेत. काहींच्या मते ती पारदर्शकता, काहींच्या मते सहकाऱ्याची चहाडी.

कायदा. वैयक्तिक माहितीच्या गळतीबाबत भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ पाहावा.

दुरुस्ती. जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल थांबवण्यासाठी ५ ते ३० सेकंद ठेवता येतात. ही मुदत सेटिंगमध्ये आधीच वाढवून ठेवावी लागते. आउटलुकचे ‘परत बोलावणे’ एकाच संस्थेच्या सर्व्हरपुरते चालते, बाहेरच्या पत्त्यावर नाही. चुकून गेलेल्या ईमेलची दिलगिरी त्याच यादीवर ‘सर्वांना उत्तर’ देऊन कळवू नये. नवा ईमेल लिहून, सर्व पत्ते बीसीसीत घालून, मूळ मजकूर न जोडता कळवावी.