जेड लिझर्ड: वरच्या बाजूला रिस्क नसलेला ऑप्शन ट्रेड

ट्रेडिंग ॲपमध्ये रेडीमेड स्ट्रॅटेजी बघताना 'जेड लिझर्ड' हे नाव कधीतरी समोर येतं. याचा पे-ऑफ ग्राफ जरा वेगळा दिसतो. उजवीकडे, म्हणजे मार्केट वर जातं त्या बाजूला, रेघ शून्याच्या खाली येतच नाही. हे कसं शक्य आहे, आणि मग रिस्क गेली कुठे, ते एका उदाहरणातून बघूया.

यात काय काय असतं?

यात एकाच एक्स्पायरीचे तीन ऑप्शन असतात. समजा निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला महिना बाकी आहे. (खालचे भाव फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.)

- २४,५०० चा पुट विकला: १२० रुपये मिळाले
- २५,५०० चा कॉल विकला: १७० रुपये मिळाले
- २५,६०० चा कॉल विकत घेतला: १४० रुपये गेले

हातात राहिले १२० + १७० − १४० = १५० रुपये. हे झालं एका युनिटचं. लॉट ६५ चा धरला तर ९,७५० रुपये. एक्स्पायरीला निफ्टी २४,५०० ते २५,५०० च्या मध्ये राहिला, तर ही सगळी रक्कम तुमची. यापेक्षा जास्त नफा या ट्रेडमध्ये होत नाही.

वर रिस्क का नाही?

नुसता कॉल विकला असता, तर निफ्टी जितका वर जाईल तितका तोटा वाढत गेला असता. पण इथे १०० पॉइंट वरचा कॉल आपण विकतही घेतलाय. २५,६०० नंतर एका कॉलवर जेवढं जातं, तेवढंच दुसऱ्यावर परत येतं. त्यामुळे या कॉल स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त १०० रुपयेच जाऊ शकतात. आणि आपण आधीच १५० घेऊन बसलोय!

समजा निफ्टी थेट २६,५०० वर गेला. विकलेल्या कॉलवर १,००० गेले, घेतलेल्या कॉलवर ९०० आले, पुट शून्य झाला. १०० चा फटका बसला, तरी १५० मधले ५० उरले. निफ्टी २८,००० झाला तरी उत्तर हेच.

म्हणजे सगळा खेळ एका अटीवर उभा आहे:

```
एकूण मिळालेला प्रीमियम >= दोन कॉल स्ट्राइकमधलं अंतर
```

ही अट मोडली की तो जेड लिझर्ड राहत नाही. समजा २५,६०० ऐवजी २५,७०० चा कॉल ११५ रुपयांना घेतला. आता प्रीमियम १७५ झाला, म्हणजे वाढला. पण अंतर २०० झालं, त्यामुळे वरच्या बाजूला २५ रुपयांचा तोटा शक्य झाला. म्हणून जास्त प्रीमियम दिसला की भुलू नका, आधी वजाबाकी करा. ती अगदी काठावर असेल तरी ब्रोकरेज आणि टॅक्स उरलेला नफा खाऊ शकतात.

मग रिस्क कुठे गेली?

सगळी खाली. १५० पैकी १२० रुपये पुटचे आहेत, आणि त्या पुटच्या खाली आपण काहीच विकत घेतलेलं नाही. ब्रेक-इव्हन आहे २४,५०० − १५० = २४,३५०. त्याखाली निफ्टी जितका पडेल, तितका तोटा वाढत जातो.

४ जून २०२४ ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी एकाच दिवसात जवळपास ६ टक्के पडला होता. आपल्या उदाहरणात ६ टक्के म्हणजे २३,५००. एक्स्पायरीला निफ्टी तिथे असेल, तर पुटवर १,००० जातात, १५० वजा करून ८५० चा तोटा. एका लॉटला ५५,२५० रुपये! कमवायचे होते जास्तीत जास्त ९,७५०. म्हणूनच ब्रोकर या ट्रेडसाठी प्रीमियमच्या कितीतरी पट मार्जिन अडकवून ठेवतो.

हे लक्षात ठेवा

'वर रिस्क नाही' हा हिशोब एक्स्पायरीचा आहे. त्याआधी मार्केटमध्ये घबराट वाढली तर ऑप्शनचे भाव फुगतात, आणि निफ्टी फारसा हलला नसला तरी स्क्रीनवर लाल आकडा दिसू शकतो.

ऑर्डर टाकताना आधी कॉल विकत घ्या, मग विका. उलट केलं आणि मध्येच नेट गेलं, तर उघडा कॉल अंगावर राहतो. तसंच, घेतलेला कॉल नफ्यात दिसतोय म्हणून एकटा विकून टाकू नका. वरचं संरक्षण त्याच एका ऑप्शनमुळे आहे.

थोडक्यात, निफ्टी पडणार नाही असं वाटत असेल तेव्हाचा हा ट्रेड आहे. तो पडेल अशी भीती वाटत असेल, तर उजवीकडची सुरक्षित रेघ काहीच कामाची नाही.